सीताफळाची बी पोटात गेली तर?

«नमस्कार. माझा सहा वर्षांचा मुलगा परवा सीताफळ खाताना दोन बिया गिळून बसला. सासूबाई म्हणाल्या, "बी विषारी असते, तिने डोळे जातात." दीर म्हणाले, "लहानपणी आम्ही कितीतरी गिळल्या, काही होत नाही." मुलगा ठणठणीत आहे. पण काल मी गर मिक्सरला लावून दुधात फिरवला तेव्हा त्यात काळे कण दिसले. गाळून घेतलं, तरी कुणाला दिलं नाही, फ्रिजमध्ये ठेवलंय. बी खरंच विषारी असेल तर तिला चिकटलेला गर आपण खातो कसा? आणि हे दूध देऊ की ओतून टाकू? मुलाने उरलेल्या बिया लावायला म्हणून डबीत जमवल्यात, त्यांचं काय करू?»
– एक आई

ताई, फ्रिजमधलं दूध ओतून टाका. मुलाने गिळलेल्या त्या दोन बियांची काळजी मात्र मनातून पार काढून टाका. दोन्ही उत्तरांचं कारण एकच आहे, आणि ते कळलं की तुमच्या सासूबाई आणि दीर, दोघंही आपापल्या जागी बरोबर कसे आहेत हेही उलगडेल.

सीताफळाची बी विषारी आहे, पण तिचं विष आतल्या मगजात असतं आणि मगज कवचात बंद असतो. कवच शाबूत असेल तर बी पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. कवच फुटलं, दळलं गेलं, दातांखाली चिरडलं की गोष्ट बदलते. त्यामुळे बी पोटात गेली असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारते तो हाच: गिळली की चावली?

मी वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. वर्गात सीताफळाची बी चिरून दाखवायचा तास मला फार आवडायचा, कारण अर्धं उत्तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. बाहेरून बी काळीभोर, गुळगुळीत, चकचकीत. कवच पातळच, पण इतकं टणक की चाकू घसरतो, बी चिमट्यात धरावी लागते. चिरल्यावर आत पांढरट मगज दिसतो आणि त्यात दोन्ही कडांकडून आत शिरलेल्या तपकिरी रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. जायफळ कापल्यावर जशी नक्षी दिसते तशीच ही. हा मगज म्हणजे उगवणाऱ्या रोपाची शिदोरी. तो कागदावर दाबला की कागदावर तेलकट, आरपार उजेड दिसणारा डाग पडतो आणि तो वाळून जात नाही. शेजारी गराचा थेंब टेकवला तर ओला ठिपका पडतो, वाळतो, मागे चिकटपणा राहतो, पण तेल उमटत नाही. मुलांना मी हे दोन डाग शेजारी शेजारी दाखवायचे, कारण गर निर्धोक का याचा मोठा भाग त्या कागदावरच दिसतो.

बीमधली मुख्य विषारी द्रव्यं ॲसिटोजेनिन या गटातली आहेत. त्यांतलं एक आहे स्क्वामोसिन. सीताफळाचं शास्त्रीय नाव ॲनोना स्क्वामोसा, त्यावरूनच हे नाव आलं. ही द्रव्यं जडणघडणीने मेदाम्लांच्या नात्यातली, कार्बनच्या लांब साखळीची. म्हणून ती तेलात सहज विरघळतात आणि पाण्यात जवळपास नाहीच. मगज तेलाने भरलेला असल्याने विष तिथे मुरून राहतं. गर म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखर. मगजातलं विष कवच ओलांडून पाणीदार गरात पाझरत जाईल अशी सोयच नाही. बी भोवतीचा गर बोटांनी सोडवताना ती गुळगुळीत, कोरडी वाटते, तेलाचा लवलेश हाताला लागत नाही, तो याचमुळे.

इथे फळाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. सीताफळ हे एक फळ दिसतं, पण ते एकाच फुलातल्या अनेक छोट्या फळांचा जुडगा असतं. सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातला एकेक स्त्रीकेसर. त्याची भिंत फुगून गराची पाकळी होते आणि तिच्या पोटात एक बी असते. काही पाकळ्या बीविनाच राहतात, खाणाऱ्याला त्या नशिबाने मिळतात. गर हा आईझाडाच्या ऊतीचा भाग, तर मगज हा पुढच्या पिढीचा. झाडाने दोघांना दोन वेगळी कामं दिलेली आहेत. गराने प्राण्याला बोलवायचं, त्याचं पोट भरायचं. बीने त्याच प्राण्याच्या पोटातून सुखरूप निघून लांब कुठेतरी जाऊन पडायचं. ती चावून खाल्ली तर झाडाचं नुकसान, म्हणून कडक कवच. कवच फोडणारा निघालाच तर त्याला अद्दल घडवायला आत विष. गोड गर आणि विषारी बी हा विरोधाभास नाही ताई, एकाच योजनेच्या त्या दोन बाजू आहेत. हे फक्त पिकलेल्या फळाबद्दल, एवढं ध्यानात ठेवा. हिरवं, कच्चं फळ, पानं, मुळं यांतही कीटकांना मारणारी द्रव्यं असतात. झाड तेव्हा कुणाला बोलवत नसतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. सीताफळाच्या बीत सायनाइड असतं असं पुष्कळांना वाटतं. जर्दाळूच्या बीची किंवा कडू बदामाची ती गोष्ट आहे. तिथे बी चिरडल्यावर सायनाइड तयार होतं. सीताफळाचं विष वेगळं आणि त्याची तऱ्हाही वेगळी. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा बनवणारे छोटे कारखाने असतात, मायटोकाँड्रिया. त्यातल्या ऊर्जेच्या साखळीची पहिली कडी ॲसिटोजेनिन अडवतात. रोटेनोन नावाचं जुनं कीटकनाशकही नेमकी तीच कडी पकडतं. ऊर्जा थांबली की पेशी मरते. कीटक आणि मासे या विषापुढे लवकर हात टेकतात, म्हणूनच या बियांची पूड जगात ठिकठिकाणी उवा मारायला, किडी मारायला, पाण्यात टाकून मासे बेशुद्ध करायला वापरली गेली. उवांच्या त्या वापराकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माणसांना या बीने जी खरी इजा केली आहे ती प्रामुख्याने तिथेच.

आता तुमच्या मुलाचं. सहा वर्षांच्या मुलाने गर चोखता चोखता बी निसटून गिळली, तर ती अखंड गेलेली असते. जठरातलं आम्ल आणि आतड्यातले पाचकरस त्या कवचाला काही करू शकत नाहीत. बी एक ते तीन दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. मुद्दाम शोधायची गरज नाही, उलटी काढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, जुलाबाचं औषधही नको. त्याने बी चावली असती तर ते तुम्हाला कळलं असतं: मगजाची चव तिखट-कडू, झोंबणारी असते, मुलं तोंड वाकडं करून थुंकून टाकतात. असं कधी झालंच तर थुंकायला लावा, दोन-तीनदा चूळ भरायला द्या आणि प्यायला पाणी द्या. एखाद्या चावलेल्या बीने जिवावर बेतत नाही. पण बऱ्याच बिया चावून खाल्ल्या असतील, किंवा थोड्याच खाऊनही उलट्या थांबत नसतील, पोटात कळा येत असतील, मूल सुस्तावलं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. जाताना बी किंवा फळाचा तुकडा सोबत न्या, म्हणजे नक्की काय खाल्लं हे सांगावं लागत नाही.

तुमच्या मुलाहून लहान मुलांच्या बाबतीत मला या बीच्या विषापेक्षा तिच्या आकाराची जास्त धास्ती वाटते. ती निसरडी, लांबट, कडक असते आणि हसता-बोलताना, धावताना घशात सरकून श्वासनलिकेत अडकू शकते. चार वर्षांच्या आतल्या मुलांना बी काढलेला गरच भरवावा, तोही बसवून. इथे मी कसलीही सूट द्यायला तयार नाही.

आता ते दूध. तुमच्या हातून काय झालं ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. गर काढताना बहुतेक बिया निघाल्या, चार-दोन गरात दडून राहिल्या. मिक्सर दोनदा फिरवला, धारदार पात्यावर एखादी बी आपटली, कवचाच्या काळ्या खपल्या उडाल्या आणि मगज चुरडला. तुम्ही गाळलं तेव्हा काळ्या खपल्या गाळणीत अडकल्या आणि दूध स्वच्छ दिसू लागलं. पण विष खपल्यांत नव्हतंच, ते मगजातल्या तेलात होतं. मिक्सरच्या फिरण्याने ते तेल बारीक थेंब होऊन मिसळलं, आणि दुधात तर आधीच स्निग्धांश असतो, त्यात ते सहज सामावून जातं. गाळणीच्या छिद्रांना तेल अडवता येत नाही. चोथा काढला म्हणजे विष काढलं, असा हिशेब इथे लागू पडत नाही. म्हणून म्हटलं, ओतून टाका. समजा घरच्या कुणी त्यातलं पेलाभर आधीच प्यायलं असतं, तरी एखाद-दुसऱ्या बीसाठी मी घाबरवलं नसतं, दिवसभर मळमळ-उलटीकडे लक्ष ठेवा इतकंच सांगितलं असतं. पण समोर ठेवलेलं, अजून कुणी न प्यायलेलं दूध मुलाला जाणूनबुजून द्यायचं कारणच काय?

काळे कण दिसले की प्रत्येक वेळी बी फुटलीच असं नसतं, म्हणून पारखायचं कसं ते सांगते. कण चमच्यावर घेऊन उजेडात पाहा. सपाट, काळे किंवा गडद तपकिरी, एका बाजूने चकचकीत तुकडे असतील तर ते कवचाचे. सोबत पांढरट, बोटांत दाबल्यावर तेलकट लागणारे बारीक चुरे असतील तर मगजही चुरडला गेलाय. मात्र गरात साखरेच्या दाण्यांसारखं काहीतरी कचकच लागतं, विशेषतः सालीलगतच्या भागात, त्याला घाबरू नका. त्या अश्मपेशी, जाड भिंतींच्या कडक पेशींचे पुंजके. पेरूतल्या कणांसारखेच ते, बीशी त्यांचा काही संबंध नाही. कित्येक जण ते कण लागले की बी फुटली समजून फळच टाकून देतात, ते नको.

पुढच्या वेळी गर काढायचा तर मिक्सर बीसकट फिरवू नका. मोठ्या छिद्रांची चाळणी पातेल्यावर ठेवा, पिकलेला गर त्यात काढा आणि हाताने किंवा चमच्याच्या पाठीने गोल फिरवत दाबा. गर खाली उतरतो, बिया वर अखंड राहतात. वेळ लागतो, पण पिकलेल्या फळाचा गर बी सहज सोडतो. बी सोडायला तयार नसेल तर फळ अजून पुरतं पिकलेलं नाही. घाईत मिक्सर वापरायचाच असेल तर आधी बिया काढून मग फिरवा. शेवटी चाळणीत राहिलेल्या बियांवर नजर टाका: सगळ्या गुळगुळीत, पूर्ण, कुठे टवका उडालेला नाही, असं दिसलं की गर निर्धास्त वापरा.

आता सासूबाईंच्या डोळ्यांच्या गोष्टीकडे येते, कारण त्यांनी ती उगीच सांगितलेली नाही. उवांवर उपाय म्हणून बिया वाळवून, कुटून, तेलात किंवा पाण्यात कालवून डोक्याला लावायची पद्धत अनेक देशांत होती आणि अजून आहे. उवा मरतातही, कारण ते कीटकनाशकच आहे. पण लेप लावताना, केस धुताना किंवा नंतर घामाबरोबर तो कपाळावरून डोळ्यांत उतरतो. माझ्या ओळखीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं असंच झालं. संध्याकाळी केस धुतले तेव्हा डोळ्यांत थोडं गेलं, जरा चुरचुरलं, तिने डोळे चोळले आणि झोपली. रात्री दोनला ती किंचाळत उठली. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, उजेड सहन होईना, पाण्याच्या धारा. सकाळी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत रंगाचा थेंब घालून पाहिलं तर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर मोठ्या भागात सोलवटला होता. त्या पेशी ऊर्जा बंद पडून मेल्या होत्या. उपचारांनी आठवड्याभरात दृष्टी पूर्ववत झाली, पण ती रात्र तिच्या आईला विसरता येत नाही. सुरुवातीला सौम्य वाटून दुखणं काही तासांनी वाढतं, ही या इजेची खूण आहे, आणि तिथेच घरचे लोक फसतात.

म्हणून बीची पूड किंवा कुटलेला मगज डोळ्यांत गेला तर चुरचुर कमी झाली म्हणून थांबू नका. चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पापण्या बोटांनी उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवा, घड्याळ लावून. लेन्स असेल तर ती काढा. केसांत लेप उरला असेल तर डोकं मागे करून तो धुऊन टाका, नाहीतर पुन्हा उतरेल. आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरात पडून असलेले कुठलेही डोळ्याचे थेंब घालू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असतं आणि सोलवटलेल्या कॉर्नियावर ते घातक ठरू शकतं. उवांसाठी बारीक दातांची फणी ओल्या केसांतून दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे नेटाने फिरवावी. कष्टाचं काम आहे, पण डोळ्यांची किंमत मोजावी लागत नाही.

गर निर्धोक म्हटलं त्याला एक मर्यादा आहे, तीही तुमच्यापासून लपवत नाही. सीताफळाच्याच कुळातलं लक्ष्मणफळ, ज्याला सॉरसॉप म्हणतात, त्याच्या गरात ॲनोनासिन नावाचं ॲसिटोजेनिन मोजण्याइतकं सापडतं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर नेहमीच्या औषधांना दाद न देणारे, पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले. 1999 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी या आजाराचा संबंध त्या फळाशी आणि त्याच्या पानांच्या काढ्याशी जोडला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत ॲनोनासिनने मेंदूतल्या पेशींना इजा होताना दिसली. माणसांत हेच कारण, असा निर्विवाद निकाल मात्र त्यातून लागलेला नाही. तो संबंध वर्षानुवर्षं, नेमाने आणि भरपूर घेणाऱ्यांचा होता, आणि त्यात काढे होते. हंगामात पिकलेली सीताफळं आवडीने खाणाऱ्याने त्यावरून ताट बाजूला सारायचं कारण नाही. मात्र या कुळातल्या फळांच्या पानांचे काढे, बियांची पूड किंवा गोळ्या "कॅन्सरवर गुणकारी" म्हणून कुणी रोज घ्यायला सांगत असेल, तर घेऊ नका. पेशी मारणारं द्रव्य प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाची पेशी मारतं यात नवल नाही. ते निरोगी पेशीलाही सोडत नाही, ही त्यातली अडचण आहे.

राहिली मुलाची डबी. अखंड बिया हाताळायला काही धोका नाही, जमवू द्या त्याला. एवढंच पाहा की त्या तो ठेचत नाही, दाताने फोडत नाही, आणि घरात रांगतं मूल असेल तर डबी वर ठेवा. लावायच्या असतील तर ज्या कवचाने त्याचं पोट सांभाळलं तेच कवच आता आडवं येईल: पाणी आत शिरायला वेळ लागतो. बिया दिवसभर कोमट पाण्यात भिजवा, मग भुसभुशीत मातीत बोटाच्या एका पेरापेक्षा थोडं कमी खोल पेरा, माती ओलसर ठेवा. उगवायला तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतही लागू शकतात, मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे चौथ्या दिवशी तो उकरून बघणार नाही. कवच लवकर मऊ व्हावं म्हणून काही जण बीची एक कड सॅंडपेपरवर हलकेच घासतात. ते काम तुम्ही करा, मुलाला देऊ नका, आणि झाल्यावर डोळ्यांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.